सुनेच्या वाट्याला किती?

आधी प्रश्न. कायद्याच्या परीक्षेत विचारतात तसाच, चार पर्यायांसह.

महाराष्ट्रात राहणारे एक हिंदू गृहस्थ २०२३ मध्ये मृत्युपत्र न करता वारले. मागे त्यांचे वृद्ध आई-वडील, पत्नी, एक मुलगा आणि एक लग्न झालेली मुलगी आहेत. थोरला मुलगा त्यांच्या आधीच वारला होता. त्याची विधवा, जिने पुनर्विवाह केलेला नाही, आणि दोन मुलं आहेत. धाकटी मुलगीही त्यांच्या आधीच वारली होती. तिचा नवरा आणि दोन मुलं आहेत. गृहस्थांना एक सख्खा भाऊही आहे. कर्ज फेडून उरलेली त्यांची स्वकष्टार्जित मालमत्ता ७२ लाख रुपयांची आहे. थोरल्या मुलाच्या विधवेला किती मिळतील?

(अ) ८ लाख
(आ) ४ लाख ८० हजार
(इ) ४ लाख
(ई) काहीच नाही

पुढे वाचण्याआधी एक उत्तर मनाशी धरून ठेवा. यातले तीन पर्याय चुकीचे आहेत, पण ते उगाच भरीला घातलेले नाहीत. प्रत्येक चुकीच्या आकड्यामागे वाटण्यांच्या बैठकीत हमखास होणारी एकेक चूक आहे. म्हणून बरोबर उत्तराइतकंच चुकीची उत्तरं कशी येतात हेही पाहण्यासारखं आहे.

इथे लागू होतो तो १९५६ चा हिंदू वारसा कायदा. हिंदूंबरोबर बौद्ध, जैन आणि शीख यांनाही तो लागू आहे. अनुसूचित जमातींना तो आपोआप लागू होत नाही, आणि मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी यांचे वारसानियम वेगळे आहेत. गोव्यात तर हिंदूंनाही हा कायदा लागू नाही. तिथे पती-पत्नींची मालमत्ता सहसा दोघांची मिळून धरली जाते. त्यातला अर्धा हिस्सा मागे राहिलेल्या जोडीदाराचाच असतो आणि उरलेल्या अर्ध्यावर पहिला हक्क मुलाबाळांचा. त्यामुळे सावंतवाडीतलं गणित पेडण्यात जसंच्या तसं चालत नाही.

हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता वारला, तर त्याचे नातेवाईक या कायद्याने रांगेत उभे केले आहेत. पहिल्या रांगेला वर्ग एक म्हणतात. मुलगा, मुलगी, विधवा पत्नी आणि आई हे त्यातले मुख्य वारस. त्यांच्या जोडीला, आधी वारलेल्या मुलाची विधवा व मुलं आणि आधी वारलेल्या मुलीची मुलं. याहूनही खालच्या पिढीतले काही वारस या वर्गात आहेत, पण आपल्या प्रश्नाला त्यांची गरज नाही. वर्ग एकमधले सगळे एकाच वेळी वारस होतात, आणि त्यातला एक जरी हयात असला तरी दुसऱ्या वर्गातल्या कोणालाही काही मिळत नाही.

वडील दुसऱ्या वर्गात आहेत. आई पहिल्या वर्गात आणि वडील दुसऱ्या, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही, पण कायदा तसाच आहे. भाऊ आणि बहीण हेही दुसऱ्याच वर्गात, वडिलांच्याही मागे. जावई तर या दोन्ही वर्गांत नाही. म्हणून आपल्या प्रश्नातले वडील, भाऊ आणि धाकट्या मुलीचा नवरा हे तिघे हिशेबातून बाहेर पडतात. हयात मुलाची बायको आणि मुलं असतील तर त्यांनाही आज काही नाही, कारण त्यांच्या फांदीवरचा माणूस, म्हणजे तो मुलगा, स्वतः उभा आहे. नातू म्हणून आजोबांच्या स्वकष्टाच्या मिळकतीत थेट हक्क सांगता येतो, असा समज खेड्यापाड्यांत आणि शहरांतही पक्का आहे. नातवाचा बाप किंवा आई जिवंत असेपर्यंत तो समज चुकीचा आहे.

आता वाटे. ते कसे पाडायचे हे कायद्याचं दहावं कलम सांगतं. पत्नीला एक वाटा. दोन विधवा पत्नी असल्या, आणि दोन्ही लग्नं कायदेशीर असली, तरी दोघींना मिळून एकच. हयात असलेला प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी आणि आई यांना प्रत्येकी एक. आधी वारलेल्या प्रत्येक मुलाच्या फांदीला एक आणि आधी वारलेल्या प्रत्येक मुलीच्या फांदीला एक. म्हणजे आपल्या घरात वाटे पडतात सहा: आई, पत्नी, मुलगा, मुलगी, थोरल्या मुलाची फांदी, धाकट्या मुलीची फांदी. ७२ लाखांचे सहा वाटे, प्रत्येक १२ लाखांचा.

पुढची पायरी फांदीच्या आतली. वारलेल्या मुलाच्या फांदीत त्याची विधवा आणि मुलं सारखी वाटेकरी असतात. थोरल्याच्या घरात तीन माणसं आहेत, म्हणून १२ लाखांचे तीन भाग, प्रत्येकी ४ लाख. वारलेल्या मुलीच्या फांदीत मात्र फक्त तिची मुलं. जावयाला नाही. म्हणून धाकटीच्या दोन मुलांना प्रत्येकी ६ लाख. सुनेला ४ लाख, म्हणजे उत्तर (इ).

इथे एक गोष्ट खटकेल. मुलाकडच्या नातवंडांना ४ लाख आणि मुलीकडच्या नातवंडांना ६ लाख, असं कसं? दोन्ही फांद्यांना मिळालं तेवढंच, १२ लाख. पण एका फांदीत आई आहे आणि दुसरीत बाप नाही. विधवा सून वारस आहे, विधुर जावई वारस नाही. यामागे मोठा इतिहास आहे. १९३७ मध्ये मुंबईचे डॉ. गोपाळराव देशमुख यांच्या प्रयत्नांतून हिंदू स्त्रियांच्या मालमत्तेच्या हक्कांचा कायदा झाला. तो देशमुख कायदा म्हणूनच ओळखला जातो. विधवेला आणि वारलेल्या मुलाच्या विधवेलाही त्या कायद्याने मुलाच्या बरोबरीचा वाटा दिला, पण तो तिच्या हयातीपुरता. ती जमीन वापरू शके, कसू शके, पण मर्जीप्रमाणे विकू किंवा कोणाला देऊ शकत नसे. १९५६ च्या कायद्याच्या चौदाव्या कलमाने ही मर्यादा काढली आणि तिला पूर्ण मालकी दिली. आपल्या प्रश्नातल्या सुनेचे ४ लाख त्यामुळे तिचे स्वतःचे आहेत. उद्या तिने पुन्हा लग्न केलं तरी ते तिच्याकडून काढून घेता येत नाहीत, कारण सासरा वारला त्या क्षणी ते तिचे झाले. तरुण विधवांना हे कोणी सांगत नाही; उलट ‘दुसरं लग्न केलंस तर इथलं काही मिळणार नाही’ असा धाक घातला जातो, आणि त्याला कायद्याचा आधार नाही.

आता चुकीच्या पर्यायांकडे वळू. (ई) काहीच नाही. हे उत्तर देणारा म्हणतो की नवरा गेला, त्याच्याबरोबर सुनेचा हक्कही गेला. मुलांना मिळेल ते मिळेल. ही चूक सर्वांत क्रूर आहे. थोरला मुलगा आजारात किंवा अपघातात गेलेल्या घरात सुनेला माहेरी पाठवून तिचं नाव वारसांत न घेणं हे आजही घडतं, आणि ते अज्ञानापोटी घडतंच असं नाही.

(अ) ८ लाख. हा डोकी मोजणाऱ्याचा आकडा. वडील, भाऊ आणि जावई वगळल्यावर हक्कदार माणसं नऊ उरतात: आई, पत्नी, मुलगा, मुलगी, सून, तिची दोन मुलं आणि धाकटीची दोन मुलं. ७२ भागिले ९, म्हणजे ८. हे वाटप दिसायला अगदी समान आहे. पण त्याने थोरल्याच्या घरात २४ लाख जातात आणि हयात मुलाला ८ लाखच मिळतात. कायद्याला हे मान्य नाही. वारलेला मुलगा जिवंत असता तर जेवढं घेऊन गेला असता, त्याहून जास्त त्याच्या माघारी त्याच्या घरात जाऊ नये आणि कमीही जाऊ नये, असा हा विचार आहे. म्हणून हयात वारसांमध्ये माणसागणिक आणि वारलेल्यांच्या बाबतीत फांदीगणिक, अशी दुहेरी मोजणी करावी लागते. परीक्षेत सर्वाधिक गुण इथेच जातात.

(आ) ४ लाख ८० हजार. हा आकडा आईला विसरल्यावर येतो. सहाऐवजी पाच वाटे धरले की प्रत्येकी १४ लाख ४० हजार, आणि त्याचा तिसरा भाग ४ लाख ८० हजार. प्रौढ माणूस वारला की सगळ्यांचं लक्ष त्याच्या बायको-मुलांकडे जातं. ‘आजीला काय करायचेत पैसे’ हे वाक्य कोणीतरी म्हणतंच. म्हातारी तेव्हा मुलाच्या दुःखात असते, ती काही मागत नाही. पण कायद्याने तिचा वाटा सुनेच्या, म्हणजे वारलेल्याच्या पत्नीच्या, बरोबरीचा आहे. तो तिने मागो न मागो, तिचा आहे.

या चुका कागदावर कशा उतरतात ते पाहायचं तर गावच्या तलाठी कार्यालयात पाहावं. शेतजमिनीचा मालक वारला की वारसांनी अर्ज करून वारस नोंद करून घ्यायची असते. सोबत मृत्यूचा दाखला आणि वंशावळीचं प्रतिज्ञापत्र. ही वंशावळ घरातलाच कोणीतरी लिहून देतो, बहुधा हयात मुलगा. त्यात थोरल्या भावाच्या नावापुढे ‘मयत’ लिहून तो पुढे जातो, खाली फांदी काढतच नाही. धाकट्या बहिणीचं नाव तर पुष्कळदा लिहिलंच जात नाही, कारण ती वारली आणि तिची मुलं दुसऱ्या गावची. जुन्या सातबाऱ्यांवर आणखी एक प्रकार दिसतो. मुलांची नावं कब्जेदार म्हणून लागतात आणि आई, विधवा, बहिणी यांची नावं ‘इतर हक्क’ या रकान्यात ढकललेली असतात, जणू त्या मालक नसून त्यांचा जमिनीशी काही किरकोळ संबंध आहे. आणखी जुन्या नोंदींत थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, एवढंच असतं आणि बाकी कोणाचं नावच नसतं.

हे ओळखायला वकील लागत नाही. फेरफाराची नक्कल काढावी आणि वंशावळ शेजारी ठेवावी. जिथे जिथे ‘मयत’ लिहिलं आहे तिथे खाली फांदी आहे का, की ‘निपुत्रिक’ असं काही स्पष्ट लिहिलं आहे, ते बघावं. आईचं नाव आहे का बघावं. वाटे अपूर्णांकांत लिहिले असतील तर त्यांची बेरीज करावी; ती एक भरली नाही तर कोणीतरी गळालं आहे किंवा कोणाला जास्त गेलं आहे. आपल्या घरात आई, पत्नी, मुलगा, मुलगी यांचा प्रत्येकी १/६, थोरल्याच्या घरातल्या तिघांचा प्रत्येकी १/१८, धाकटीच्या दोन मुलांचा प्रत्येकी १/१२. बेरीज बरोबर एक येते. आणि नाव गळालं म्हणून हक्क जात नाही. फेरफार ही महसुलासाठी केलेली नोंद आहे, तिने मालकी निर्माण होत नाही आणि बुडतही नाही. पण त्या नोंदीवर विसंबून जमीन विकली गेली, की हक्क शाबित करायला दिवाणी कोर्टाची पायरी चढावी लागते, आणि तिथे वर्षं जातात.

नातवंडं लहान असली तर सातबाऱ्यावर त्यांच्या नावापुढे ‘अ.पा.क. आई’ अशी नोंद लागते. अज्ञान पालनकर्ती आई असा तिचा अर्थ. ही चार अक्षरं विकत घेणाऱ्याने फार जपून वाचावीत. सून स्वतःचा १/१८ वाटा विकू शकते किंवा नोंदणीकृत हक्कसोड पत्राने दिराच्या नावे सोडू शकते. पण मुलांच्या नावावर चढलेले दोन १/१८ वाटे कोर्टाच्या परवानगीशिवाय तिला विकता येत नाहीत. तशी विक्री केली तर मुलं सज्ञान झाल्यावर ती रद्द करून घेऊ शकतात. धाकटीच्या मुलांच्या बाबतीत जावयालाही हेच बंधन आहे.

आता प्रश्नातला एकच शब्द बदलून पाहू: ‘आधीच’. थोरला मुलगा वडिलांच्या आधी नव्हे, वडिलांच्या नंतर दुसऱ्या दिवशी वारला असं धरा. बाकी माणसं तीच, मालमत्ता तीच. तर वडील गेले त्या क्षणी १२ लाख त्याच्या स्वतःच्या नावे झाले. दुसऱ्या दिवशी तो गेला तेव्हा ते १२ लाख त्याच्या वारसांत वाटायचे, आणि त्याच्या वारसांत त्याची विधवा, दोन मुलं आणि त्याची आई येते. चार वाटे, प्रत्येकी ३ लाख. सुनेचे ४ लाखांचे ३ लाख झाले आणि सासूचे १२ लाखांचे १५ लाख. धाकट्या मुलीचंही असंच. ती वडिलांच्या नंतर वारली असती तर तिच्या १२ लाखांत तिचा नवरा आणि दोन मुलं सारखे वाटेकरी झाले असते, आणि ज्या जावयाला आपण एक पैसाही दिला नाही त्याला ४ लाख मिळाले असते. मृत्यूच्या दाखल्यावरची तारीख वारसाच्या खटल्यात एवढी काटेकोर का तपासतात ते यावरून कळावं.

तसंच आईचं. समजा ती वर्षभराने मृत्युपत्र न करता वारली. तिच्याकडे मुलाकडून आलेले १२ लाख आहेत. आता वारलेली व्यक्ती स्त्री आहे, म्हणून नियम बदलतात. तिचे पहिले वारस म्हणजे तिचा नवरा, तिची मुलं आणि आधी वारलेल्या मुलांची मुलं. तिच्या पोटी दोनच मुलगे धरू, आपले गृहस्थ आणि त्यांचा भाऊ. तर वाटे तीन: नवऱ्याला ४ लाख, हयात मुलाला ४ लाख, आणि वारलेल्या मुलाच्या, म्हणजे आपल्या गृहस्थांच्या, हयात मुलाला व मुलीला मिळून ४ लाख, प्रत्येकी २. ज्या वडिलांना आणि भावाला पहिल्या फेरीत काहीच नव्हतं, त्यांच्याकडे आता ८ लाख पोचले. गृहस्थांच्या पत्नीला या फेरीत काही नाही. थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी यांच्या मुलांनाही नाही, कारण स्त्रीच्या बाबतीत कायदा या पायरीवर वारलेल्या मुलाच्या मुलांपर्यंतच थांबतो, त्याखाली उतरत नाही. पणतवंडं वगळली जातात, हे मला अन्यायाचं वाटतं. पुरुषाच्या वारसांत फांदी तीन पिढ्यांपर्यंत खाली धरायची आणि बाईच्या वारसांत दोन पिढ्यांवर तोडायची, याचं समाधानकारक कारण मला कुठे सापडलेलं नाही. हे टाळायचं असेल तर आजीचं मृत्युपत्र हा सरळ मार्ग आहे.

प्रश्नातला दुसरा शब्द, ‘स्वकष्टार्जित’, बदलला तर सगळं गणितच नव्याने मांडावं लागतं. आधी त्या शब्दाचा व्यवहारातला गैरसमज दूर करू. वडिलांकडून मिळाली म्हणजे वडिलोपार्जित, असं आपण सर्रास बोलतो. कायद्यात तसं नाही. वडिलांनी स्वतः कमावलेली मालमत्ता १९५६ नंतर वारसाहक्काने मुलाकडे आली, तर ती त्याची वैयक्तिक मालमत्ता होते. त्याच्या मुलांना तिच्यात जन्माने हक्क मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये चंदर सेन खटल्यात हे स्पष्ट केलं. जन्मसिद्ध हक्क असतो तो एकत्र कुटुंबाच्या, पिढ्यान् पिढ्या न वाटलेल्या मिळकतीत.

अशा मिळकतीचं गणित कसं करायचं, हे सगळ्या देशाला सांगणारा खटला सांगली जिल्ह्यातला आहे. खंडप्पा मगदूम १९६० मध्ये वारले. मागे पत्नी हिराबाई, दोन मुलगे आणि तीन मुली. मिळकत एकत्र कुटुंबाची. हिराबाईंनी सांगलीच्या दिवाणी न्यायालयात दावा लावला आणि ७/२४ वाटा मागितला. पहिल्या न्यायालयाने त्यांना १/२४ च दिला. मुंबई उच्च न्यायालयाने ७/२४ दिला, आणि मुलगा गुरुपद सर्वोच्च न्यायालयात गेला. १९७८ मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी निकाल लिहिला: ७/२४ च बरोबर.

हे २४ कुठून आले ते समजून घेण्यासारखं आहे. एकत्र कुटुंबातला पुरुष वारला तर त्याचा वाटा नेमका किती, हे आधी ठरवावं लागतं. त्यासाठी कायदा असं मानायला सांगतो की तो वारण्याच्या ऐन आधी घरात वाटणी झाली. तेव्हाच्या नियमाने ती वाटणी बाप आणि दोन मुलगे यांच्यात होणार. आणि बाप-मुलांत वाटणी झाली की आपल्याकडच्या रूढ हिंदू कायद्याप्रमाणे पत्नीलाही मुलाएवढा वाटा मिळतो. म्हणजे चार वाटे: खंडप्पा, हिराबाई आणि दोन मुलगे, प्रत्येकी १/४. हा गणिताचा पहिला टप्पा. दुसऱ्या टप्प्यात खंडप्पांचा १/४ त्यांच्या सहा वारसांत वाटायचा, पत्नी, दोन मुलगे, तीन मुली. १/४ चा सहावा भाग म्हणजे १/२४. हिराबाईंना पहिल्या टप्प्यातले ६/२४ आणि दुसऱ्यातला १/२४, मिळून ७/२४.

पहिल्या न्यायालयाने दुसरा टप्पा तेवढा मोजला आणि पहिल्या टप्प्यातला हिराबाईंचा १/४ सोडून दिला. त्याचं म्हणणं असं की ती वाटणी खरी नव्हती, ती फक्त खंडप्पांचा वाटा काढण्यापुरती मानलेली होती. चंद्रचूडांनी याला दिलेलं उत्तर मला अतिशय सरळ वाटतं. वाटणी झाली असं एकदा मानल्यावर तिच्यातून निघणारे सगळे परिणामही मानावे लागतात. वारलेल्याचा वाटा काढण्यापुरती ती मानायची आणि विधवेचा वाटा द्यायची वेळ आली की विसरायची, हे चालणार नाही. वाटणीत ज्या १/४ मुळे खंडप्पांचा वाटा १/४ ठरला, तोच १/४ हिराबाईंना नाकारायचा, असं होऊ शकत नाही.

पण त्या निकालातल्या मुलींकडेही पाहा. सगळी जमीन २४ एकर आहे असं सोयीसाठी धरलं, तर हिराबाईंना ७ एकर, दोन्ही मुलग्यांना प्रत्येकी ७ एकर आणि तिन्ही मुलींना प्रत्येकी १ एकर. मुलींना बापाच्या वाट्यातला तुकडा मिळाला. एकत्र मिळकतीत त्यांना जन्माने काहीच नव्हतं. महाराष्ट्राने १९९४ मध्ये हे बदललं, पण तोवर लग्न न झालेल्या मुलींपुरतंच. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने लग्न झालेल्या असोत वा नसोत, सर्व मुली जन्मानेच मुलग्यांसारख्या हक्कदार झाल्या. त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात २०२० मध्ये नक्की केलं.

तेच कुटुंब आज असतं तर? मानलेल्या वाटणीत बाप, आई, दोन मुलगे आणि तीन मुली, असे सात वाटे, प्रत्येकी १/७. बापाचा १/७ सहा वारसांत, म्हणजे प्रत्येकी १/४२. त्यामुळे प्रत्येकाला ६/४२ अधिक १/४२, म्हणजे ७/४२, अर्थात १/६. २४ एकरांत आई, दोन मुलगे, तीन मुली सगळ्यांना सारखेच ४-४ एकर. मुलीच्या १ एकराचे ४ झाले. मुलग्याच्या ७ एकरांचे ४ झाले, हे सगळे बोलतात. हिराबाईंसारख्या विधवेच्या ७ एकरांचेही ४ होतात, हे सहसा कोणी बोलत नाही. मुलींना हक्क देताना विधवेचा वाटा आपोआप घटला, आणि मुलगे-मुली जितकी जास्त तितका तो आणखी घटतो.

यालाही एक मर्यादा आहे. २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत वाटणीपत्राने किंवा न्यायालयाच्या हुकुमाने वाटणी झालेली असेल, तर २००५ ची दुरुस्ती ती मोडत नाही. तोंडी वाटणीचा दावा कोणी केला तर न्यायालय तो सहजासहजी स्वीकारत नाही. सरकारी कागदांतून निर्विवाद सिद्ध झाला तरच. त्यामुळे वाटणी कधी झाली, ती कोणत्या कागदावर आहे आणि तो कागद नोंदवलेला आहे का, हे तीन तपशील हातात आल्याशिवाय वडिलोपार्जित जमिनीचं कोणतंही गणित सुरूच करता येत नाही. सुरुवातीच्या प्रश्नात ‘स्वकष्टार्जित’ हा शब्द होता म्हणूनच तो चार ओळींत मावला. तिथे ‘वडिलोपार्जित’ असतं, तर गृहस्थांचे वडील आणि भाऊ हयात असल्यामुळे त्या ७२ लाखांतले मुळात गृहस्थांचे किती, हे काढण्यासाठी वडिलांपासून मोजायला सुरुवात करावी लागली असती.